शब्द बदलले, संदर्भही दिला, मग वाङ्मयचौर्य कसले?

पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना वाङ्मयचौर्य म्हणजे काय असे विचारले की एकच उत्तर येते : इंटरनेटवरून कॉपी-पेस्ट करणे. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आख्खा निबंध उचलून त्यावर स्वतःचे नाव घालणारे विद्यार्थी असतात. त्यांच्याविषयी मला फारसे बोलायचे नाही, कारण आपण काय करतोय हे त्यांना पक्के ठाऊक असते. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या आणि कितीतरी मोठ्या गटाविषयी. हा गट पुस्तक आणतो, वाचतो, रात्री जागतो, शेवटी संदर्भसूचीही जोडतो आणि तरी चौकशीला बसतो. "पण मॅडम, मी शब्द बदलले होते" हे त्याचे ठरलेले वाक्य. ते खरे असते. अडचण अशी की त्याने बचाव होत नाही.

का होत नाही ते आधी पाहू. अभ्यासाच्या लेखनात लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात एक न बोललेला करार असतो. ज्या वाक्यावर कुठलीही खूण नाही ते वाक्य तुमचे आणि त्यातला विचारही तुमचा, असे वाचणारा धरून चालतो. यातून दोन वेगळे प्रश्न निघतात : शब्द कोणाचे, आणि विचार किंवा माहिती कोणाची? पहिल्याचे उत्तर अवतरणचिन्हे देतात, दुसऱ्याचे उत्तर संदर्भ देतो. म्हणजे लेखकाचे नाव, वर्ष आणि पान. बहुतेक घोटाळे या दोन खुणांपैकी एकीने दोघींचे काम होईल असे समजल्यामुळे होतात. संदर्भ दिला पण शब्द त्या लेखकाचेच ठेवले आणि अवतरणचिन्हे घातली नाहीत, तर तुम्ही वाचकाला सांगताय की विचार त्यांचा आहे, पण मांडणी माझी आहे. मांडणी तुमची नसेल तर ते खोटे आहे, खाली नाव कितीही ठळक लिहिलेले असो.

उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला साथरोगांच्या इतिहासावर निबंध लिहायचा आहे आणि एका पुस्तकाच्या ११२व्या पानावर हा परिच्छेद आहे (पुस्तक काल्पनिक, घटना खरी) :

> १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे शोधून ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती एकवटली असल्याचे दाखवले. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला, पण तोवर साथ ओसरू लागली होती. त्यामुळे दांडा काढल्याने साथ थांबली ही गोष्ट जितकी लोकप्रिय आहे तितकी खरी नाही. स्नो यांचे खरे यश साथ थांबवण्यात नसून पुरावा मांडण्याची नवी रीत घालून देण्यात आहे.

आता एका प्रामाणिक, मेहनती विद्यार्थ्याने हे "स्वतःच्या शब्दांत" लिहिले :

> सन १८५४ साली लंडन शहरातील सोहो परिसरात कॉलऱ्याची साथ पसरली असताना डॉ. जॉन स्नो यांनी मरण पावलेल्यांची घरे शोधली आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आसपास केंद्रित असल्याचे सिद्ध केले. पंपाचा दांडा काढण्यात आला, परंतु तोपर्यंत साथ कमी होऊ लागली होती. म्हणून दांडा काढल्यामुळे साथ थांबली ही कथा जेवढी प्रसिद्ध आहे तेवढी सत्य नाही. स्नो यांचे खरे यश साथ रोखण्यात नसून पुरावा सादर करण्याची नवीन पद्धत घालून देण्यात आहे. (लेखिका, वर्ष, पृ. ११२)

दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. वाक्ये चारच, त्यांचा क्रम तोच, आणि दुसऱ्या वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. "पण"चे "परंतु" झाले, "खरी"ची "सत्य" झाली. विद्यार्थ्याने लिहिलेले नाही, एकेक शब्द उचलून त्या जागी दुसरा बसवला आहे. लेखनाच्या अध्यापनात याला पॅचरायटिंग म्हणतात, म्हणजे ठिगळे लावून केलेले लेखन. हा शब्द अमेरिकेतल्या लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात रूढ केला. नवशिके असे लिहितात ते बऱ्याचदा फसवायला नव्हे, तर मजकूर पुरता पचलेला नसतो म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. पण त्यामुळे हे चालवून घ्यावे असे मात्र वाटत नाही. तपासणाऱ्याला तुमच्या कागदावरून तुमची समज मोजायची असते, आणि या कागदावरून फक्त एवढेच कळते की तुमच्याकडे समानार्थी शब्दांचा साठा आहे.

त्यातही एक गंमत आहे. मूळ परिच्छेदात स्नो यांनी "दाखवले" असे होते, विद्यार्थ्याने "सिद्ध केले" लिहिले. त्याला वाटले, शब्द बदलला. प्रत्यक्षात अर्थ बदलला. मृत्यू पंपाभोवती एकवटलेत हे दाखवणे वेगळे आणि काही सिद्ध करणे वेगळे. विज्ञानाच्या इतिहासात या दोन शब्दांवर वाद झालेले आहेत. ठिगळे लावलेला मजकूर मला अनेकदा याच जागी सापडतो : वाक्याची घडण सराईत लेखकाची, आणि मध्येच एखादा शब्द असा की तो त्या विषयातल्या माणसाने कधीच वापरला नसता. सॉफ्टवेअर लावायच्या आधीच कान टवकारतात.

मग नीट कसे लिहायचे? एक तर मूळ वाक्य जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. ते केव्हा? शब्दांची निवडच महत्त्वाची असेल तेव्हा, आणि क्वचितच. निबंधभर अवतरणे पेरली तर ती चोरी नव्हे, पण तो निबंधही नव्हे. दुसरा रस्ता असा :

> पंपाचा दांडा काढला आणि कॉलरा थांबला, अशी स्नो यांची गोष्ट सहसा सांगितली जाते. या पुस्तकाच्या लेखिकेला ही कारणमीमांसा मान्य नाही. दांडा निघाला तेव्हा साथीचा जोर आधीच उतरला होता, याकडे ती लक्ष वेधते आणि स्नो यांचे श्रेय "पुरावा मांडण्याची नवी रीत" घालून देण्यात पाहते (वर्ष, पृ. ११२). पण यावरून दांडा काढणे निरुपयोगी होते असे ठरत नाही. स्थानिक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनी नंतर केलेल्या चौकशीत, विहिरीलगतच्या ४० क्रमांकाच्या घरातल्या एका बाळाच्या आजाराशी साथीचा उगम जोडला गेला. त्या बाळाचे वडील आजारी पडले ते दांडा काढला त्याच दिवशी, ८ सप्टेंबरला. (इथे व्हाइटहेड यांच्या चौकशीचा संदर्भ.) साथ ओसरली होती हे खरे, पण ती पुन्हा उसळली असती का, हा प्रश्न उरतोच.

इथे काय झाले पाहा. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आधी आली, तिच्यावरचा आक्षेप कोणाचा ते वाक्यातच सांगितले, लेखिकेचे मोजके शब्द चिन्हांत गेले, आणि मग विद्यार्थ्याने दुसरीकडून आणलेल्या माहितीच्या आधारे स्वतःचा प्रश्न उभा केला. कुठे लेखिका थांबते आणि कुठे विद्यार्थी सुरू होतो, हे वाचणाऱ्याला दिसते. "ती लक्ष वेधते", "तिला मान्य नाही" अशी क्रियापदे हे काम करतात. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकला की तो शेवटच्या वाक्यापुरता आहे की आख्ख्या परिच्छेदाचा, ते कळत नाही. ही सवय आत्ताच सोडा.

इथे हमखास विचारले जाते : मग काय प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा? नाही. १८५४ साली सोहोत कॉलरा झाला, स्नो डॉक्टर होते, ब्रॉड स्ट्रीटवर पंप होता, या गोष्टी या विषयावरच्या कुठल्याही पुस्तकात सापडतात आणि त्यावर कोणाचा वाद नाही. त्यांना संदर्भ लागत नाही. संदर्भ लागतो तो कोणाच्या तरी श्रमातून निघालेल्या गोष्टीला : एखादे मत, एखादा अर्थ लावणे, मोजून काढलेला आकडा, व्हाइटहेड यांच्यासारखी दारोदार फिरून केलेली चौकशी. शंका असेल तर द्या. जास्तीच्या संदर्भाबद्दल आजवर कोणाला नोटीस गेलेली नाही.

आणखी एक खाचखळगा म्हणजे न वाचलेल्या पुस्तकाचा संदर्भ. आपल्या उदाहरणातली लेखिका म्हणते की साथ आधीच ओसरू लागली होती. हे तिने शोधून काढलेले नाही. स्नो यांनी स्वतःच १८५५ साली निघालेल्या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत कबूल केले आहे की पाणी बंद होण्याआधीच रोगी एवढे घटले होते की विहिरीत तेव्हाही विष होते की नव्हते हे ठरवणे शक्य नाही. विद्यार्थ्याला ही तळटीप लेखिकेच्या पुस्तकात दिसते आणि तो आपल्या सूचीत थाटात "स्नो, १८५५" लिहून टाकतो. हे अप्रामाणिक आहे, कारण त्याने स्नो उघडलेला नाही. लेखिकेने स्नोचा अर्थ चुकीचा लावला असेल तर तिची चूक आता याच्याही नावावर लागते. "स्नो, १८५५, अमुक लेखिकेच्या पुस्तकात उद्धृत, पृ. ११२" असे लिहिले की हिशेब चोख. त्याहून चांगले म्हणजे स्नोचे ते पान वाचा. इतक्या जुन्या पुस्तकांवर कॉपीराइट उरलेला नसतो, स्कॅन केलेल्या प्रती फुकट मिळतात.

एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे. इंग्रजीतला परिच्छेद मराठीत उतरवला म्हणजे तो तुमचा झाला नाही. भाषांतर केलेले वाक्य हे मूळ लेखकाचेच वाक्य असते. ते वापरायचे तर अवतरण म्हणून, संदर्भासह, आणि "भाषांतर माझे" अशी नोंद करून. सॉफ्टवेअर अशी उचल बऱ्याचदा पकडत नाही, हे विद्यार्थ्यांना माझ्याआधी कळलेले असते. पण त्या विषयावरची चार प्रसिद्ध पुस्तके शिकवणाऱ्याने वाचलेली असतात, हे ते विसरतात.

गडबड लिहिताना होत नाही, टिपणे काढताना होते

ठिगळांचा निबंध शेवटच्या रात्री लिहिला जातो, पण त्याचे मूळ दोन आठवडे आधीच्या टिपणांत असते. तुम्ही वाचता वाचता वहीत किंवा फाइलमध्ये वाक्ये उतरवता. काही जशीच्या तशी, काही अर्धवट बदललेली, काही तुमच्या मनात आलेली. सगळी एकाच रंगात, एकाच ओळीत. पंधरा दिवसांनी फाइल उघडल्यावर कुठले वाक्य कोणाचे हे तुम्हालाही सांगता येत नाही. मग जे छान जमलेले वाटते ते तुमचे धरून चालता. दुर्दैवाने सगळ्यात छान जमलेले वाक्य सहसा दुसऱ्याचे असते.

हे बड्यांनाही चुकलेले नाही. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या पीएचडी प्रबंधातली उचल फेब्रुवारी २०११ मध्ये बाहेर आली. प्रस्तावनेची सुरुवातच एका जुन्या वर्तमानपत्री लेखाशी जुळत होती. लोकांनी एकत्र येऊन इंटरनेटवर पानापानाची छाननी केली. त्यांचा खुलासा असा की संसार आणि राजकारण सांभाळत वर्षानुवर्षे काम केले, साहित्य ढीगभर डिस्कवर आणि निरनिराळ्या संगणकांवर विखुरले होते, त्यात कोणते कुठले याचा ताळमेळ सुटला. म्हणजे थोडक्यात टिपणांचा घोळ. बायरॉइट विद्यापीठाने त्याच महिन्यात पदवी काढून घेतली, १ मार्चला त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि मे महिन्यात विद्यापीठाच्या समितीने निष्कर्ष काढला की फसवणूक जाणूनबुजून केलेली होती. टिपणांचा घोळ हे कारण खरे असू शकते, पण समोरच्याने ते खरे मानावे असा पुरावा तुमच्याकडे लागतो. पानेच्या पाने जुळू लागली की तो पुरावा उभा राहत नाही.

तर टिपण काढताना तीनच गोष्टी पाळा. पुस्तकातून जसेच्या तसे उतरवलेले असेल तर उतरवतानाच अवतरणचिन्हे आणि पान क्रमांक. नंतर घालू म्हणून सोडू नका. सार लिहायचे असेल तर पुस्तक बंद करा, दोन मिनिटे थांबा आणि समोर बसलेल्या मित्राला सांगताय असे लिहा. मग पुस्तक उघडून तपासा : अर्थ बरोबर आला का, आणि नकळत कुठला शब्दसमूह तसाच उतरला का. पुस्तक बंद केल्यावर काहीच लिहिता येत नसेल तर तो परिच्छेद तुम्हाला समजलेला नाही, आणि ते आत्ता कळलेले बरे. तिसरे म्हणजे तुमचे स्वतःचे विचार वेगळ्या रंगात ठेवा. आणि ज्या फाइलमध्ये निबंध लिहिताय तिच्यात काहीही पेस्ट करू नका. पेस्ट करायची जागा म्हणजे टिपणांची फाइल.

टक्क्यांच्या मागे लागू नका

"मॅडम, किती टक्के चालतात?" हा प्रश्न दरवर्षी येतो. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर तुमच्या मजकुरातले शब्दसमूह त्याच्या साठ्यातल्या मजकुराशी ताडून पाहते : इंटरनेट, जर्नल, आधी जमा झालेल्या असाइनमेंट. किती भाग जुळला ते टक्क्यांत सांगते. तो कोणाचा, चिन्हांत आहे का, संदर्भ आहे का, हा निवाडा ते करत नाही. तो माणूस करतो. काही संस्था आकड्याची मर्यादा ठरवतात, ती तुमच्या नियमावलीत असेल तर पाळा. पण आकडा कमी आला म्हणजे सुटलो असे समजू नका.

१,५०० शब्दांच्या निबंधाचे चार टक्के म्हणजे ६० शब्द. वरचा पंपाचा परिच्छेद साधारण तेवढाच आहे. तो आख्खा उचलला आणि बाकी सगळे स्वतः लिहिले, तरी रिपोर्टवर "४ टक्के" असा सभ्य आकडा दिसेल आणि चोरी मात्र निखळ असेल. उलट दुसऱ्या कोणाचे २५ टक्के येतील, कारण त्याने संदर्भसूची, दिलेला प्रश्न आणि रीतसर अवतरणे मिळून तेवढा मजकूर घातला आहे. त्याला काही होणार नाही. आकडा खाली आणण्यासाठी शब्द फिरवत बसणे म्हणजे पुन्हा ठिगळेच लावणे. तुमच्या हाती रिपोर्ट आला तर आकडा सोडा, रंगवलेल्या ओळी पाहा, आणि प्रत्येक ओळीपाशी तेच दोन प्रश्न विचारा : शब्द कोणाचे, विचार कोणाचा.

मित्राला फाइल देण्याविषयीही बोलले पाहिजे, कारण त्यात मदत करणाराच अडकतो. विषयावर चर्चा करा, एकमेकांना समजावून सांगा, पुस्तके सुचवा. पण असाइनमेंट प्रत्येकाने स्वतंत्र करायची असेल तर लिहिलेली फाइल "फक्त बघायला" देऊ नका. दोन सारखे निबंध आले की शिकवणाऱ्याला मूळ कोणाचे ते दिसत नाही, म्हणून बोलावणे दोघांना येते. प्रयोगाच्या वहीत तर हे चटकन दिसते : बरोबर उत्तर सगळ्यांचे सारखे असणे साहजिक आहे, पण तीच एक चुकलेली वजाबाकी पाच वह्यांत साहजिक नसते. गटाने करायचे काम असेल तर कोणी काय केले ते पहिल्या पानावर लिहा. गेल्या सत्रातला स्वतःचाच निबंध पुन्हा द्यायचा असेल तर आधी विचारा. एका कामाचे दोनदा गुण घेणे बहुतेक ठिकाणी चालत नाही.

राहिली ती शेवटची रात्र. बहुतेक चुकीचे निर्णय तेव्हाच होतात, म्हणून तेव्हाचे पर्याय आधी माहीत असलेले बरे. वेळ संपत आली आणि निबंध अर्धाच झाला असेल तर अर्धा द्या, किंवा मुदत वाढवून मागा. उशिराचे गुण कापले जातात, अर्ध्या निबंधाला अर्धे मिळतात. ते नुकसान त्या एका कामापुरते असते. चौकशीची नोंद मात्र बरीच वर्षे सोबत राहू शकते. फाइलमध्ये एखादे वाक्य संशयास्पद सुबक वाटले आणि ते कुठून आले आठवत नसेल, तर त्यातले सात-आठ शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा. सापडले तर खूण करा. सापडले नाही आणि आपलेच आहे याची खात्रीही नसेल, तर ते वाक्य काढून टाका. आणि जमा केल्यानंतर लक्षात आले की एक परिच्छेद खुणेशिवाय गेला आहे, तर त्याच दिवशी शिकवणाऱ्याला लिहा : कुठले पान, कुठला मजकूर, कुठल्या पुस्तकातला. सोबत दुरुस्त केलेली प्रत जोडा आणि टिपणांची फाइल जपून ठेवा, ती मागितली जाऊ शकते.